खाडे किती धरलेत?

28 एप्रिलला सकाळी मी एक मेल लिहून ठेवला होता. तो आजही माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे. अधूनमधून उघडून वाचते आणि अंगावर शहारा येतो. मेल इंग्रजीत आहे, पण मराठीत त्याचा अर्थ असा: 'तुमच्याच अटीप्रमाणे 45 दिवस 26 तारखेला संपले. पैसे अजून आलेले नाहीत. का थांबवलेत ते कळवा आणि ताबडतोब आवश्यक ती कार्यवाही करा.' शेवटी आपल्याकडचं लाडकं 'काइंडली डू द नीडफुल'. सगळ्यात वर, प्रोजेक्ट मॅनेजर बाई आणि त्यांच्या साहेबांनाही सीसी.

मी यंत्रांची चित्रं काढते. कारखान्यातलं यंत्र सुटं केलं तर कोणता भाग कुठे बसतो हे दाखवणारी, बाणाबाणांची, प्रत्येक भागाला नंबर दिलेली. देखभालीच्या पुस्तिकांत असतात ती. पुण्यात घरी बसून काम चालतं. त्या वेळचं काम फ्रान्समधल्या लिऑनजवळच्या एका कंपनीचं होतं. पॅकिंगच्या यंत्राची 40 चित्रं, प्रत्येकी 60 युरो, एकूण 2,400 युरो. 12 मार्चला बिल पाठवलं होतं. त्यांच्या परचेस ऑर्डरवर पैशांची अट एकाच ओळीत छापलेली होती: '45 jours fin de mois'. मी त्यातलं '45 jours', म्हणजे 45 दिवस, एवढंच वाचलं आणि पुढचे तीन शब्द पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' असतं तसे काहीतरी असतील असं समजून सोडून दिले.

मेल पाठवला नाही, याचं कारण माझा समजूतदारपणा नव्हे. त्या दिवशी सांगलीहून आत्याचा फोन आला आणि मी तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं ओकलं.

आत्याने सांगलीत वालचंद कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवली, बावीस वर्षं. दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे. ज्यांनी खानावळीत जेवून दिवस काढलेत त्यांना खाड्याचं भांडण सांगायला नको. मुलगा गावाला गेला की त्या दिवसाचे पैसे कापायचे, तो खाडा. मुलाच्या हिशेबात महिन्यात सहा खाडे असतात, मालकिणीच्या वहीत चार. कारण मुलगा शनिवारी रात्री न सांगताच गेला, आत्याने त्याची भाजी केली, ती वाया गेली. तिच्याकडे नियम होता: आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा. पण महिनाअखेरीला मुलगा चार पोळ्या खाऊन काउंटरवर उभा राहिला की ती नियम सांगायची नाही. वही उघडायची आणि विचारायची, "तू खाडे किती धरलेत? कुठल्या कुठल्या तारखांचे?"

फोनवरही तिने तेच विचारलं. "त्यांनी कोणती तारीख धरलीय?"

मला माहीत नव्हतं. मी माझी धरलेली तारीख घेऊन भांडायला निघाले होते.

मग ते तीन शब्द पाहिले. 'फँ द म्वा' म्हणजे महिनाअखेर. फ्रान्सच्या व्यापार संहितेत दोन व्यावसायिकांमधल्या उधारीला मर्यादा घातलेली आहे: बिलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त 60 दिवस, किंवा करारात तसं ठरलं असेल तर 45 दिवस महिनाअखेर. तिथल्या कंपन्यांना ही दुसरी पद्धत आवडते, कारण महिन्याभरातली सगळी बिलं एका गठ्ठ्यात येतात. गंमत अशी की '45 दिवस महिनाअखेर' हे दोन तऱ्हांनी मोजता येतं आणि दोन्ही तऱ्हा तिथे चालतात. एक तऱ्हा: बिलाच्या तारखेत 45 दिवस मिळवा, मग तो महिना संपेपर्यंत थांबा. 12 मार्च अधिक 45 म्हणजे 26 एप्रिल, म्हणून देय तारीख 30 एप्रिल. दुसरी: आधी बिलाचा महिना संपू द्या, मग 45 दिवस मोजा. म्हणजे 31 मार्चपासून 45, 15 मे.

माझी 26 एप्रिल दोन्हींत कुठेच नव्हती. ज्या दिवशी मी 'का थांबवलेत' असं विचारणार होते, त्या दिवशी कोणीही काहीही थांबवलेलं नव्हतं. कंपनीच्या साहेबांना सीसी करून मी त्यांना हेच दाखवलं असतं की ही बाई परचेस ऑर्डर वाचत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत एक खाच आहे, ती मी नंतर स्वतःच्या बिलांवर मोजून पाहिली. 31 मार्चच्या बिलाचे पैसे 15 मेला मिळतात. तेच बिल एक दिवस उशिरा, 1 एप्रिलला केलं, तर 30 एप्रिलपासून 45 मोजायचे, म्हणजे 14 जून. एका दिवसाच्या आळसाचा दंड एक महिना. मला वर्षानुवर्षं सवय होती, 'महिना संपला की पहिल्या तारखेला निवांत बिलं करू'. त्या निवांतपणाने मला किती महिने उधार बसवलं असेल, कोण जाणे. आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मग तो रविवार का असेना, बिल करते.

तर मग मेल नव्याने लिहिला. पहिल्या मेलमध्ये 'अजून' होतं, 'का' होतं. हे दोन शब्द काढून टाकले की पैशाच्या मेलमधला निम्मा कडवटपणा जातो, असा माझा अनुभव आहे. 'अजून आले नाहीत' म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर 'उशीर' असा शिक्का बसतो, मग तो उशीर असो वा नसो. 'का' विचारलं की माणूस कारणं द्यायला लागतो, म्हणजे आरोप मान्य करून बचावाला उभा राहतो. 'कोणती तारीख' विचारलं तर तो स्क्रीनवर बघून तारीख सांगतो. त्याला एक आकडा हवा, तो त्याच्याकडे आहे, संपलं. आणि 'काइंडली' तर काढलंच. आपण ते नम्रतेने लिहितो, पण 'कृपया ताबडतोब' याच्या जवळ जाणारा हुकमी सूर त्यातून तिकडे ऐकू जातो, असं मला युरोपात राहून आलेल्या मैत्रिणीने पूर्वीच सांगितलं होतं. मी तेव्हा ऐकलं नव्हतं.

नवा मेल अकाउंट्स विभागाला लिहिला, एकट्यालाच. प्रोजेक्ट मॅनेजर बाईंना सीसी केलं नाही. त्यांचं आणि माझं बोलणं बोल्ट, गॅस्केट आणि बाणांच्या जाडीबद्दल. पैशाची पहिलीच चौकशी त्यांच्या डोळ्यांदेखत केली की ती अकाउंट्सवाल्यांना तक्रार वाटते, आणि बाईंना वाटतं आपल्याला मध्ये ओढलं. सीसीची वेळ येते, पण ती दुसऱ्या मेलला उत्तर आलं नाही तर.

मेलचा मराठी तर्जुमा असा:

'नमस्कार. परचेस ऑर्डर अमुक, माझं बिल क्रमांक अमुक, तारीख 12 मार्च, रक्कम 2,400 युरो. ऑर्डरवरची अट 45 दिवस महिनाअखेर अशी आहे. मी ही अट पहिल्यांदाच पाहतेय, आणि ती दोन प्रकारे मोजता येते असं दिसतं: 30 एप्रिल किंवा 15 मे. तुमच्या सिस्टिममध्ये या बिलासमोर कोणती तारीख आहे? बिल तुमच्याकडे नोंदलं गेलंय ना, आणि त्यात काही कमी असेल तर तेही सांगावं, म्हणजे मी लगेच दुरुस्त करून पाठवते.'

'मी पहिल्यांदाच पाहतेय' या वाक्यावर मी जरा अडले होते. आपलं अज्ञान कशाला दाखवायचं? पण ते खरं होतं, आणि चौकशी करण्याचं कारणही तेच होतं. कारण सांगितलं की प्रश्नामागे काय असेल हे समोरच्याला ओळखत बसावं लागत नाही. नुसतंच 'पेमेंटची स्थिती कळवा' असं लिहिलं असतं, तर त्यात अधीरता आहे, पैशाची निकड आहे की अविश्वास, हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरलं असतं. मोघम प्रश्न सौम्य वाटतो, पण संशय त्याच्याच पोटात राहतो. आत्या 'तुझे खाडे जरा जास्त वाटतायत' असं कधी म्हणाली नाही. ती तारखा मागायची.

शेवटच्या वाक्यातल्या चौकशीचा फायदा अनपेक्षित झाला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन ओळींचं. देय तारीख 15 मे. कंपनी महिन्यातून दोनदाच पैसे सोडते, 15 तारखेला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि हो, बिल त्यांच्याकडे 2 एप्रिलला चढलं, कारण मी ते प्रोजेक्ट मॅनेजरना पाठवलं होतं आणि त्यांनी ते पुढे पाठवायला तीन आठवडे घेतले. या वेळी बिलाचीच तारीख धरली आहे, पण पुढच्या वेळी थेट बिलांच्या पत्त्यावर पाठवावं, परचेस ऑर्डरचा नंबर बिलाच्या वरच्या भागात असावा. नंबर माझ्या बिलावर होता, पण तळाशी, बारीक अक्षरात, बँकेच्या तपशिलाखाली. मोठ्या कंपनीत ऑर्डर, काम मिळाल्याची नोंद आणि बिल ही तीन कागदं एकमेकांशी जुळल्याशिवाय पैसे हलत नाहीत. जुळवणाऱ्याला नंबर शोधावा लागला की बिल बाजूला पडतं. बाजूला पडलेलं बिल कोणी थांबवलेलं नसतं. ते नुसतं पडलेलं असतं.

उत्तराच्या खाली एक ओळ होती: मे महिन्यात 1 आणि 8 तारखेला सुट्ट्या आहेत, तेव्हा त्या आठवड्यांत उत्तराला वेळ लागला तर काळजी करू नये. 1 मेची सुट्टी आपल्याकडेही असते. 8 मे त्यांचा दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचा दिवस. ही सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारचीही जोडून घेतात. मला हे आधी कळलं नसतं तर ते शांत दिवस मी 'टाळतायत वाटतं' म्हणून काढले असते.

पैसे 19 मेला आले. आणि कमी आले.

मोबाइलवर मेसेज, खात्यात 2,24,855 रुपये जमा. मी लगेच गूगलवर युरोचा भाव पाहिला, 96 रुपये. 2,400 गुणिले 96 म्हणजे 2,30,400. साडेपाच हजारांहून जास्त गायब! पुन्हा बोटं शिवशिवायला लागली. मेल करायचा झाला तर विषय तयारच होता: 'अपुरी रक्कम मिळाल्याबाबत'.

या वेळी आधी स्वतःच्या बँकेत गेले. परदेशातून आलेल्या पैशांचा जो कागद बँक देते, इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस, तो मागितला. काउंटरवरच्या मुलाने छापून दिला आणि बोट ठेवून दाखवलं. "मॅडम, आमच्याकडे 2,380 युरोच आलेत." बँकेने मला भाव दिला होता 94 रुपये 60 पैसे. 2,380 गुणिले 94.60 म्हणजे 2,25,148. त्यातून परकीय चलन बदलल्याबद्दलचा जीएसटी 292 रुपये आणि काही पैसे वजा.

म्हणजे साडेपाच हजारांच्या खड्ड्यातले सुमारे 3,330 रुपये माझ्याच बँकेने भावात खाल्ले होते. गूगल दाखवतं तो भाव बँका एकमेकींना देतात, मला कोणी देत नाही. 292 रुपये सरकारचे. फ्रान्सशी संबंध असलेली रक्कम फक्त 20 युरो. मी रुपयांत हिशेब घालून मेल केला असता तर माझ्या बँकेचा नफा मी लिऑनच्या माणसांकडे मागितला असता. तेव्हापासून एक नियम: बिल ज्या चलनात, तुलना त्याच चलनात. रुपये नंतर बघायचे, आणि त्यांचं भांडण असलंच तर आपल्या बँकेशी.

आता हे 20 युरो. परदेशी पैसे एका बँकेतून दुसरीत सरळ उडी मारत नाहीत. दोघींचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक येते, आणि ती आपली दलाली त्या रकमेतूनच काढून घेते. पाठवणारा पैसे भरताना शुल्क कोणी सोसायचं ते निवडतो. `OUR` निवडलं तर सगळं त्याच्याकडे, `BEN` तर सगळं घेणाऱ्याकडे, `SHA` म्हणजे आपापल्या बाजूचं ज्याने त्याने. बहुतेक कंपन्या `SHA` ठेवतात. मग मधलीची कात्री घेणाऱ्याच्या अंगावर पडते. ओळखायची खूण साधी आहे. कापलेला आकडा बहुधा गोल असतो, 10, 15, 20, 25, आणि बिलाची रक्कम बदलली तरी तो साधारण तेवढाच राहतो. कोणी मुद्दाम कमी दिलं असेल, दर चुकवला असेल, एखादं चित्र नाकारलं असेल, तर फरक असा सुटा येत नाही. तो कामाच्या हिशेबात कुठेतरी बसतो. माझ्या बाबतीत 60 युरो किंवा 120 कमी आले असते तर मी चित्रं मोजली असती. 20 युरोंचं चित्र मी कधी विकलेलंच नाही.

मग लिहिलं: '2,380 युरो 19 मेला मिळाले, आभार. माझ्या बँकेच्या कागदाप्रमाणे ती रक्कम पोचण्याआधीच 20 युरो कमी झालेत, बहुधा मधल्या बँकेचं शुल्क असावं. या बिलाचा हिशेब माझ्याकडून पूर्ण झाला असं समजावं. पुढच्या बिलांसाठी एक विचारायचं होतं: तुमच्याकडून पैसे पाठवताना शुल्काचा कोणता पर्याय असतो, आणि पूर्ण रक्कम पोचावी यासाठी माझ्या बाजूने काही करता येण्यासारखं आहे का?' सोबत बँकेचा कागद जोडला.

20 युरो सोडून दिले, हे नवऱ्याला पटलं नाही. "दोन हजार रुपये आहेत," म्हणाला. बरोबर आहे. पण आमच्या ऑर्डरमध्ये शुल्काबद्दल एक अक्षर नव्हतं. ठरवलेलंच नाही त्याची वसुली कशी करणार? शुल्क त्यांनी सोसायचं असं लिहिलेलं असतं, तर मी ते पुढच्या बिलात वेगळी ओळ घालून मागितले असते आणि त्यात उद्धटपणा काही नव्हता. इथे मला जे हवं होतं ते पुढचं. सोडलं तेही मनात कुढत नाही, लिहून सोडलं. न बोलता सोडलेले पैसे पुढच्या मेलच्या सुरात कुठून तरी बाहेर येतातच.

उत्तरासोबत त्यांनी न मागता स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवताना बँक बँकेला धाडते त्या निरोपाची, प्रत जोडली होती. तेव्हा तिला एमटी 103 म्हणायचे. तिच्यात `33B` या ओळीत 2,400 युरो, `71A` समोर `SHA`. म्हणजे तिकडून पूर्ण निघाले होते. ही प्रत मागितली तर समोरच्याला वाटेल की आपण त्याला खोटं ठरवतोय, असं मला पूर्वी वाटायचं. अकाउंट्सवाल्यांसाठी तो पोस्टाच्या पावतीइतका साधा कागद आहे. पैसे वाटेत हरवले तरी शोध त्या कागदावरूनच घेतात. पुढे लिहिलं होतं की परदेशी पुरवठादारांसाठी `SHA` हेच कंपनीचं धोरण आहे, ते बदलता येणार नाही. पण तुमच्याकडे युरोपातला आयबॅन, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा खाते क्रमांक, असेल तर पैसे सेपातून जातील आणि ते पूर्ण पोचतील.

सेपा म्हणजे युरोपातल्या बँकांचं युरो पाठवायचं आपसातलं जाळं. त्यात वाटेत रकमेला कात्री लावायला परवानगी नाही. आपल्याकडच्या माणसाला परदेशी ग्राहकाचे पैसे घेण्यासाठी तसा आयबॅन मिळवून देणाऱ्या सेवा आता आहेत. पैसे तिथे युरोत जमा होतात, मग रुपये होऊन आपल्या इथल्या खात्यात येतात, आणि परकीय चलन आल्याचा दाखलाही मिळतो. तो दाखला देत नसतील तर ती सेवा घेऊ नये, सीए पुढे जीव खातो. मी अशा एका सेवेत खातं काढलं. आयबॅन मिळाला तो बेल्जियमचा, `BE` ने सुरू होणारा. 31 मेला, शनिवारी, पुढच्या 30 चित्रांचं 1,800 युरोंचं बिल केलं. बिलांच्या पत्त्यावर पाठवलं, ऑर्डरचा नंबर वर ठळक. आणि त्या वेळी पहिल्यांदाच बिलावर 'देय तारीख: 15 जुलै' असं स्वतः छापलं. अट त्यांचीच, मोजणीही त्यांचीच, मी फक्त उत्तर लिहून दाखवलं. चुकलं असेल तर आत्ताच सांगतील.

त्याच बिलाच्या तळाशी उशिराच्या दंडाची ओळही घातली. हे करायला मन धजत नव्हतं. पाहुण्याला पाट मांडताना 'ताट फुटलं तर भरून द्यावं लागेल' म्हणावं तसं वाटत होतं. पण फ्रान्समध्ये व्यावसायिक बिलावर उशिराच्या व्याजाचा दर आणि वसुलीखर्चाचे ठोक 40 युरो हे छापणं तिथल्या कायद्यानेच सक्तीचं आहे. तिथले पुरवठादार ज्या बारीक टायपात ते छापतात, त्याच टायपात मीही छापलं. कडक बोलायचं ते छापील ओळीने बोलावं. तिला आवाज नसतो, आणि ती सगळ्यांना सारखीच असते. मेलमध्ये मात्र दंडाचं नाव काढलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दीडला फोन वाजला. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे दहा. मी आमटी वाढून घेत होते. पलीकडे एक बाई, इंग्रजी जपून जपून बोलणाऱ्या. अकाउंट्स विभागातून बोलतेय म्हणाल्या. नव्या बिलावर बँकेचा तपशील वेगळा आहे. तो तुम्हीच बदललाय का?

मी हो म्हटलं. मग त्यांनी आधीच्या खात्याचे शेवटचे चार आकडे विचारले. मग नव्याचे. मग पहिल्या बिलाची रक्कम. माझी कानशिलं तापली. त्यांच्याच सांगण्यावरून मी हा सगळा उपद्व्याप केला, आणि आता माझीच उलटतपासणी! मी जरा तुटकपणेच म्हटलं की हे तुमच्याच विभागाने सुचवलं होतं.

"हो, माझ्या सहकाऱ्याने. मेल माझ्यासमोरच आहे," त्या म्हणाल्या. "खातं बदललं की प्रत्येक पुरवठादाराला आम्ही फोन करतो. जुन्या नोंदीतल्या नंबरवर. नव्या मेलमधल्या नंबरवर करायचा नाही, असा नियम आहे."

मग मला चित्र उलट्या बाजूने दिसलं. भारतातला पुरवठादार, अचानक मेल येतो की आता पैसे बेल्जियमच्या खात्यात टाका. फसवणुकीच्या धड्यात पहिलं उदाहरण म्हणून घालावं असं. कोणीतरी पुरवठादाराची मेलपेटी फोडतं, हुबेहूब बिल करतं, फक्त आयबॅन आपला घालतं. कंपनी इमानदारीने पैसे भरते आणि खरा पुरवठादार महिन्याने विचारतो, पैसे कुठायत? ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना खात्यावरचं नाव आणि आयबॅन जुळतं का ते पैसे जाण्याआधी पाहून पाठवणाऱ्याला सांगावं लागतं. पण हा फोन आला त्या वेळी ती राखण करायला त्या बाई आणि त्यांच्याकडचा जुना नंबर एवढंच होतं. खातं बदलतेय हे मी आधी वेगळं कळवायला हवं होतं, 'हवं तर फोन करून खात्री करा' असं स्वतःहून म्हणून. बिलात गुपचूप नवा आकडा घालणारी मीच.

त्यांच्या बोलण्यातलं एक लक्षात राहिलं. त्यांनी 'सॉरी, तुमच्यावर संशय नाही हं' असं एकदाही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर संशयाचं नाव निघालं असतं. सगळ्यांना विचारतो, जुन्या नंबरवर विचारतो, एवढंच. माझ्या मेलमध्ये मी पूर्वी हमखास लिहायचे, 'गैरसमज नसावा, पण...' ते वाक्य मी त्या दिवशी पुसलं.

फोन ठेवण्याआधी धीर करून विचारलं, "बिलावर मी 15 जुलै लिहिलंय. तुमच्याकडेही तीच तारीख आहे ना?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. "15 जुलै. 14ला आमच्याकडे राष्ट्रीय सुट्टी, पण 15लाच जाईल."

16 जुलैला 1,800 युरो आले. मी त्यांना एका ओळीचा मेल केला: पूर्ण रक्कम मिळाली. आत्या पैसे घेतल्यावर मुलांच्या वहीत 'मिळाले' लिहून खाली सही ठोकायची आणि मगच पुढच्या महिन्याचं पान उघडायची. मुलं हसायची, आत्या कुठे पळून चाललीय म्हणून. तिकडून उत्तर आलं, त्यात परचेस ऑर्डर जोडली होती. 55 चित्रं. अटीची ओळ तीच होती, पण तिच्यापुढे कोणीतरी शब्द वाढवले होते: बिलाचा महिना संपल्यापासून मोजून.